अनोळखी अरबी संपर्काला पहिला मेसेज: अभिवादनांमागची पार्श्वभूमी

आखातात काही वर्षं नोकरी केलेल्या मराठी माणसाच्या तोंडी 'श्लोनक' सहज बसतं. 'कसा आहेस?' एवढाच त्याचा अर्थ. पण हेच विचारायला कैरोत 'इझ्झय्यक' म्हणतात, बैरुतमध्ये 'कीफक', अल्जीयर्समध्ये 'वाश राक' आणि कासाब्लांकात 'लाबास'.

ही फाटाफूट जुनी आहे. सातव्या शतकात अरब सैन्यं अरबस्तानाबाहेर पडली आणि बसरा, कूफा, फुस्तात, कैरवान ही छावण्यांची शहरं वसली. तिथे निरनिराळ्या टोळ्यांच्या बोली एकत्र आल्या. आजूबाजूचे लोक कुठे अरामाइक बोलत, कुठे कॉप्टिक, कुठे बर्बर. त्यांचा रंग चढत बोली दूर जात राहिल्या. लिखित अरबी मात्र कुराण आणि आठव्या शतकातल्या सीबवैहीच्या व्याकरणाच्या आधाराने बरीचशी एकसंध राहिली.

विसाव्या शतकात इजिप्तचे चित्रपट आणि 1953 साली कैरोहून सुरू झालेलं 'सौत अल-अरब' हे रेडिओ केंद्र यांमुळे कैरोची बोली दूरदूर ओळखीची झाली. पण ही ओळख एकतर्फी राहिली. मोरोक्कोच्या माणसाला इजिप्शियन कळते, इजिप्तच्या माणसाला मोरोक्कन बोली मात्र जड जाते.

नुसतं न समजण्यापेक्षा उलटा अर्थ लागणं जास्त वाईट. समजा, दुबईतल्या कुणी कासाब्लांकातल्या अनोळखी पुरवठादाराला कामाबद्दल आभार मानत 'यअतीक अल-आफिया' लिहिलं. आखातात आणि सीरिया-लेबनॉनकडे ही मनापासूनची सदिच्छा आहे: देव तुला आरोग्य देवो. मोरोक्कोत मात्र 'आफिया' म्हणजे आग. समोरचा टीव्हीमुळे पूर्वेकडचा वापर जाणत असला तर ठीक, नाहीतर हा शापच वाटतो. तिथे साधं 'शुक्रन' लिहावं.

'मरहबा'चंही थोडं असंच आहे. लेबनॉनमध्ये तो नमस्कार, मोरोक्कोत मुख्यतः यजमानाने पाहुण्याला म्हणायचं 'या, या'.

म्हणून पहिल्या मेसेजला मी 'अस्सलामु अलैकुम' किंवा 'सबाह अल-खैर' हेच सुचवेन. पहिलं सगळीकडे चालतं, पण त्याला धार्मिक छटा आहे. माणूस ख्रिस्ती असू शकतो असं वाटलं तर दुसरं बरं. संध्याकाळी 'मसा अल-खैर'. पुढे खुशाली विचारायला प्रमाण भाषेतलं 'कैफ हालक' घ्यावं. बोलताना पुरुषाला 'हालुक', बाईला 'हालुकि' असा फरक होतो. पण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे लेखनात दोन्ही एकच दिसतात. कुवेती बोलीत बाईला 'श्लोनिच' म्हणतात आणि बऱ्याचदा लिहितातही वेगळ्या अक्षराने. म्हणजे नुसता नंबर हाती असताना समोर पुरुष आहे की बाई, हे आधीच ठरवावं लागतं. 'कैफ हालक'मध्ये तो प्रश्नच येत नाही.

त्यानंतर लगेच आपलं नाव, कंपनी आणि नंबर कुणाकडून मिळाला ते लिहावं. उत्तर 'लाबास' किंवा 'इझ्झय्यक' अशा शब्दांत आलं, की माणूस साधारण कुठला ते कळतं.