बँक खातं बदललं? ग्राहक आणि पुरवठादारांना कळवण्याची पद्धत, लागणारी कागदपत्रं आणि पत्राचा मसुदा

फर्मचं चालू खातं एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेलं की बहुतेक जण एकच करतात. लेटरहेडवर नवा खाते क्रमांक टाइप करायचा, पीडीएफ काढायची आणि सगळ्या पार्ट्यांना मेल टाकायची. भोसरी-चाकण भागातल्या लहान कारखान्यांचे हिशेब मी पाहतो आणि वर्षानुवर्षं मीही अशीच पत्रं पाठवली. दोन वर्षांपूर्वी त्यातल्याच एका पत्रामुळे आमच्या ग्राहकाचे पैसे गेले. तेव्हापासून मी ही पद्धत सोडली.

एका जॉबवर्क युनिटने खातं बदललं होतं. पत्र ६२ पार्ट्यांना मेलने गेलं. नवव्या दिवशी त्यातल्या एका ग्राहकाला दुसरं पत्र आलं: "आधीच्या पत्रात चूक झाली होती, दुरुस्त तपशील खालीलप्रमाणे." लेटरहेड तेच, शिक्का तोच, सहीही तीच, कारण ते आमच्याच पीडीएफवरून बनवलं होतं. मेलच्या पत्त्यात फर्मच्या नावातला शेवटचा एस तेवढा नव्हता. ग्राहकाकडच्या अकाउंट्सच्या मुलीने खात्री करायची म्हणून पत्रावरच्या मोबाइलवर फोन केला, नवा खाते क्रमांक वाचून दाखवला आणि "बरोबर आहे ना?" असं विचारलं. पलीकडचा माणूस "हो" म्हणाला. ३,८४,६०० रुपये आरटीजीएसने गेले. महिनाअखेरीला बाकी जुळवताना ते कळलं, तोवर खात्यात फारसं काही उरलं नव्हतं.

त्या मुलीने हलगर्जीपणा केला असं मी कधीच म्हणणार नाही. तिने फोन केला होता. खोटं पत्र ओळखायचं कसं, हे आम्ही आमच्या खऱ्या पत्रात तिला सांगितलंच नव्हतं.

पत्र कोणी द्यायचं, आधी काय करायचं

मालकी फर्म असेल तर मालकाची सही लागते, भागीदारी असेल तर अधिकृत भागीदाराची. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक सही करतो, आणि मोठे ग्राहक सोबत बोर्डाच्या ठरावाची प्रत मागतात. हिशेबनिसाच्या सहीवर पत्र पाठवू नका. तसं एक पत्र चाललं की पुढे कोणाच्याही सहीचं पत्र चालून जातं.

नवं खातं फर्मच्याच नावाचं हवं. बँकेने नाव नेमकं कसं नोंदलंय ते पासबुक किंवा स्टेटमेंटवरून अक्षरशः उतरवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खात्यावरचं नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करायची होती. त्याआधी पाठवणारा जे नाव टाइप करायचा त्याला काही अर्थ नव्हता, कारण रक्कम जमा होते ती खाते क्रमांक आणि आयएफएससीवर. आता नाव दिसतं, म्हणून ते पत्रात हुबेहूब द्यायचं. मालकी फर्मच्या खात्यावर काही वेळा फर्मऐवजी मालकाचं नाव दिसतं. तसं असेल तर ते आधीच लिहा, नाहीतर ग्राहक उगाच बुचकळ्यात पडेल.

जीएसटी पोर्टलवरही खातं बदलावं लागतं. नोंदणीतला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. बँक खात्यासाठी `Services > Registration > Amendment of Registration Non-Core Fields` इथे जायचं आणि `Bank Accounts` हा टॅब उघडायचा. याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. मात्र बदल पोर्टलवर केला म्हणून ग्राहकाला तो तपासता येत नाही. जीएसटीच्या सार्वजनिक शोधात खाते क्रमांक दिसत नाही. ई-इन्व्हॉइसच्या क्यूआर कोडमध्ये जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख, रक्कम असं सगळं असतं, पण बँक खातं नसतं. क्यूआर स्कॅन होऊन बिल खरं निघालं, तरी त्याच बिलावर खाली छापलेलं खातं बदललेलं असू शकतं. बऱ्याच अकाउंटंटांचा इथेच गैरसमज होतो.

कागदपत्रं

ग्राहकाच्या व्हेंडर रजिस्टरमध्ये बदल करायला साधारणपणे लेटरहेडवरचं सही-शिक्क्याचं पत्र, फर्मचं नाव छापलेला रद्द केलेला चेक, खातं आमचंच असल्याचं बँकेचं पत्र, पॅन आणि जीएसटी प्रमाणपत्र एवढं लागतं. उद्यम नोंदणी असेल तर तीही मागतात. काही कंपन्यांचा स्वतःचा फॉर्म असतो, त्यावर बँकेचा शिक्का घ्यावा लागतो.

यातला एकही कागद मेलवर आला म्हणून पुरावा ठरत नाही. रद्द केलेल्या चेकचा फोटो तासाभरात बनवता येतो. म्हणून मी चेक आणि बँकेचं पत्र माल पोचवणाऱ्या आमच्या माणसाच्या हाती, बंद पाकिटातून देतो. बाहेरगावी स्पीड पोस्टाने पाठवतो. मेलवर पूर्ण खाते क्रमांक कधीच जात नाही, शेवटचे चार आकडे तेवढे जातात.

ग्राहकांसाठी पत्र

पहिली सूचना बदलाच्या निदान १५ दिवस आधी जाते, आणि तिच्यात खात्याचा तपशील मुळीच नसतो. मजकूर असा:

> आमच्या फर्मचं बँक खातं येत्या महिन्यापासून बदलत आहे. नव्या खात्याचा तपशील आपल्याला कागदी पत्राने मिळेल. मेल, व्हॉट्सॲपवरून किंवा स्वतः फोन करून आम्ही पूर्ण खाते क्रमांक कळवणार नाही. तसा कोणी कळवला तर तो आमचा नाही. पत्र मिळून आपली खात्री होईपर्यंत पैसे जुन्या खात्यातच पाठवावेत. जुनं खातं तीन महिने चालू राहील. खात्याची नोंद बदलायला उशीर झाला म्हणून आम्ही माल अडवणार नाही.

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. फसवणाऱ्याला घाई हवी असते. "जुनं खातं गोठवलंय, आजच पाठवा, नाहीतर डिस्पॅच थांबेल," ही त्याची नेहमीची भाषा. घाई नाही हे तुम्ही आधीच लेखी सांगितलं असेल तर अशी घाई दिसताच समोरचा सावध होतो.

त्यानंतर कागदी पत्र जातं. त्यात खात्यावरचं नाव, खाते क्रमांक, बँक, शाखा आणि आयएफएससी दिल्यावर पुढचा मजकूर येतो:

> या पत्रावर विसंबून नोंद बदलू नये. आमच्या जुन्या बिलावर असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. या पत्रात मुद्दाम फोन नंबर दिलेला नाही. फोनवर आपण खाते क्रमांक सांगू नये. आम्ही तो सांगू, आपण पत्राशी ताडून पाहावा. नोंद झाल्यावर ५० रुपयांच्या आतली कोणतीही रक्कम पाठवावी, आणि किती रुपये आले हे आम्हाला फोनवर विचारावं. आकडा जुळला तरच पुढचं पेमेंट करावं. पैसे पाठवताना बँकेने दाखवलेलं नाव वर दिल्यापेक्षा वेगळं असेल तर थांबावं. या पत्रात दुरुस्ती करणारं दुसरं पत्र आम्ही पाठवणार नाही. तसं आलं तर ते खोटं समजून आम्हाला कळवावं.

एकेक वाक्य का आहे ते सांगतो. लेटरहेडवर फोन नंबर छापलेलाच असतो, म्हणून या पत्रापुरता साध्या कागदावर फर्मचं नाव-पत्ता टाकून मजकूर छापतो. पत्र खोटं असेल तर त्यावरचा नंबरही खोटाच असणार. आकडे कोणी सांगायचे, हे आमच्या त्या प्रकरणावरून शिकलो. "बरोबर आहे ना?" या प्रश्नाला "हो" म्हणायला काहीच माहीत असावं लागत नाही, पण खाते क्रमांक सांगायचा तर तो खरोखर ठाऊक असावा लागतो. ५० रुपयांच्या आतली रक्कमही त्याच कारणाने आहे. ग्राहकाने १७ रुपये पाठवले असतील तर १७ हा आकडा ज्याच्या खात्यात ते पोचले त्यालाच सांगता येईल. एक रुपया पाठवू नये असं मी म्हणतो, कारण चाचणीला सगळेच एक रुपया पाठवतात आणि तो आकडा कोणीही अंदाजाने सांगेल.

नाव जुळणं पुरेसं नाही, हेही ग्राहकाला फोनवर सांगतो. मिळत्याजुळत्या नावाचं खातं उघडणं अशक्य नाही. नाव जुळलं नाही तर नक्की थांबायचं. जुळलं तरी फोन करायचाच.

पुरवठादारांसाठी वेगळं पत्र

ग्राहकाचंच पत्र पुरवठादाराला पाठवू नका. त्याला आपला खाते क्रमांक लागत नाही. तो पैसे घेणारा आहे, त्याला होणारा धोका वेगळा. एक म्हणजे आपल्या नावाने फोन येतो, "नव्या खात्यातून चुकून जास्त रक्कम गेली, फरक या नंबरवर परत करा," आणि सोबत बनावट मेसेज असतो. दुसरं म्हणजे "नव्या बँकेत तुमचं नाव जोडायचंय" असं सांगून त्याच्याकडून ओटीपी किंवा त्याच्या खात्याची माहिती काढतात. म्हणून:

> येत्या महिन्यापासून आपली पेमेंट्स आमच्या नव्या बँकेतून येतील. आपल्या स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव तेच राहील. त्यासाठी आपल्याकडून कोणतीही माहिती, ओटीपी किंवा लिंकवर क्लिक नको आहे. जास्त रक्कम आली तर ती आपल्या खतावणीत पुढच्या बिलात वळती होईल. परत पाठवायला आम्ही सांगणार नाही. जुन्या बँकेचे दिलेले चेक त्यांच्या तारखेला वटतील. आपलं स्वतःचं खातं बदललं तर तेही आम्ही जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय नोंदवणार नाही.

"जुने चेक वटतील" असं लिहिण्याआधी पुढच्या तारखांचे कोणते चेक बाहेर आहेत ते मोजा आणि तेवढी रक्कम जुन्या खात्यात ठेवा. चेक परत गेला तर पुरवठादाराचा पत्रावरचा विश्वास जातो, आणि पुढे खोटं काय नि खरं काय हे तो तुम्हाला विचारणारच नाही.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० वर, दुसरा आपल्या बँकेला, आणि लगेच cybercrime.gov.in वर तक्रार. यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि समोरचा खाते क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच ती रोखून धरता येते, आणि ती तिथून पुढे फार लवकर सरकते. आमच्या ग्राहकाला कळलंच महिनाअखेरीला. म्हणून मोठं पेमेंट आलं की त्याच दिवशी ग्राहकाला "मिळाले" असं कळवायचा नेम आम्ही घातला आहे, आणि आमच्याकडून तसा निरोप आला नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करा, हे वाक्य आता प्रत्येक बिलाच्या तळाशी छापतो.

पत्रं गेल्यावर वहीत एक पान ठेवा: पार्टीचं नाव, पत्र कोणी हातात घेतलं, त्यांचा फोन कधी आला, चाचणीची रक्कम किती. ज्यांच्या रांगेत फोनची तारीख कोरी आहे त्यांना आपण फोन करायचा, पण त्या फोनवर खाते क्रमांक सांगायचा नाही. जुन्या बिलावरचा नंबर काढून तुम्हीच आम्हाला फोन करा, एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा.