अर्धं तळं 24 व्या दिवशी? नाही

“कमळाची पानं रोज दुप्पट होतात आणि 48 दिवसांत तळं भरतं. मग अर्धं 24 दिवसांतच भरणार ना?”

नाही, 47 व्या दिवशी. शेवटून मागे या. आज तळं गच्च भरलंय, म्हणजे काल बरोब्बर अर्धं होतं. परवा पाव, त्याआधी अष्टमांश. एवढ्यावर उत्तर मिळतं, कागदसुद्धा लागत नाही.

24 व्या दिवशी मात्र 24 वेळा निम्मं करावं लागतं, म्हणजे साधारण 1 कोटी 68 लाखांतला एक भाग. तळं एकरभर धरलं, तर ही हिरवळ रुपयाच्या नाण्याहूनही लहान! काठावरून दिसायचीसुद्धा नाही. दिवस निम्मे केले की पानंही निम्मी, हा हिशेब रोज सारखीच भर पडत असेल तरच जमतो.