अंगठ्यापुढे गेलेला गुडघा

हिवाळ्यात खान्देशात शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात. जाळाशी वांगी उलटीपालटी करणारा माणूस बराच वेळ उकिडवा बसलेला असतो. बूड टाचांजवळ आणि गुडघे पायाच्या अंगठ्यांच्या चांगलेच पुढे. त्याला कोणी टोकत नाही. तोच माणूस जळगावच्या एखाद्या जिममध्ये खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारायला गेला, की आवाज येतो: "गुडघा अंगठ्याच्या पुढे नको, गुडघे जातील!"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा सल्ला तंतोतंत पाळणारे लोक माझ्याकडे बहुतेक वेळा गुडघ्यासाठी नाही, कंबरेसाठी येतात. त्याचं कारण साध्या भूमितीत आहे.

भरलेली बादली छातीशी धरली तर सोपी वाटते, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. वजन तेच असतं, सांध्यापासूनचं अंतर वाढलेलं असतं. स्क्वॉटमध्येही तेच घडतं. तोल जाऊ नये म्हणून शरीर आणि बार यांचं एकत्र वजन पावलाच्या साधारण मध्यावर राहावं लागतं. त्या मध्यातून वर एक उभी रेघ कल्पा. गुडघा रेघेच्या जितका पुढे, तितकं मांडीच्या पुढच्या स्नायूंना काम. खुब्याचा सांधा जितका मागे, तितकं नितंबाच्या स्नायूंना.

आता मांडी जमिनीला समांतर झालेली घ्या आणि तिची लांबी 40 सेंटिमीटर धरा. पावलाच्या मध्यापासून अंगठ्याचं टोक 13 सेंटिमीटरवर आहे. गुडघा रेघेच्या 16 सेंटिमीटर पुढे असेल, तर तो अंगठ्याच्या 3 सेंटिमीटर पुढे गेला आणि खुबा 24 सेंटिमीटर मागे राहिला. आता गुडघा अंगठ्याच्या 3 सेंटिमीटर मागे अडवा. गुडघ्याच्या वाट्याला 10 उरले, खुब्याच्या वाट्याला 30 आले. मांडी काही आखडत नाही, त्यामुळे एकाकडून काढलेलं दुसऱ्याच्या पदरात पडतंच. शिवाय खुबा एवढा मागे गेल्यावर बार रेघेवर ठेवण्यासाठी धड पुढे झुकवावं लागतं, आणि त्या झुकलेल्या धडाला सावरण्याचं काम कंबरेच्या स्नायूंवर येतं.

हे कागदावरचं गणित. 2003 साली अमेरिकेतल्या फ्राय, स्मिथ आणि शिलिंग या संशोधकांनी ते माणसांवर मोजलं. व्यायामाची सवय असलेल्या सात पुरुषांना स्वतःच्या वजनाइतका बार दिला. एकदा मोकळा स्क्वॉट करून घेतला आणि एकदा पायांसमोर लाकडी फळी उभी केली, म्हणजे गुडघा अंगठ्यापुढे जाणारच नाही. फळी असताना गुडघ्यावरचा पीळ, म्हणजे सांध्याला वाकवू पाहणारा जोर, सुमारे 150 न्यूटन-मीटरवरून 117 वर आला. खुब्यावरचा मात्र 28 वरून 303 वर गेला. सातच माणसं, आणि त्यांच्यातही बराच फरक, म्हणून "दहापट" हा आकडा मी कोणाच्या तोंडावर फेकणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे: गुडघ्याची थोडी बचत आणि खुबा-कंबरेवर मोठा बोजा.

याचा अर्थ गुडघा पुढे नेणं फुकट आहे असा नाही. मांडीचा पुढचा स्नायू जोर लावतो तेव्हा गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि वाटीखालच्या कंडरेवर ताण येतो. निरोगी सांध्याला हा ताण हळूहळू वाढवला तर पेलतो. तालमीतले पैलवान बैठका मारतात तेव्हा खाली जाताना टाचाही उचलतात आणि गुडघा आणखी पुढे नेतात. पण त्यांच्या खांद्यावर बार नसतो आणि बैठकांचा आकडा महिनोन्‌महिने चढत गेलेला असतो. वाटीमागे किंवा वाटीखाली आधीच दुखत असेल, तर काही आठवडे गुडघा थोडा मागे ठेवणं हा शहाणपणाचा उपाय आहे. तो उपाय आहे, सगळ्यांना लागू असलेला नियम नाही. उंच माणसाची मांडी लांब असली तर त्याला गुडघा पुढे न्यावाच लागतो, नाहीतर तो धडाने जवळजवळ आडवा होतो.

मी गुडघ्यापेक्षा टाच बघतो. बार घेऊन खाली जाताना टाच उचलली जात असेल, तर बहुधा घोटा पुरेसा वाकत नाही किंवा वजन पुढे सरकलंय. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचं असंच होतं. त्याच्या ट्रेनरने समोर काठी धरून महिनाभर गुडघे अडवले होते आणि कंबर रोज धरत होती. काठी काढली, टाचांखाली अडीच किलोच्या दोन प्लेटा सरकवल्या, बारवरचं वजन चाळीसवरून तीसवर आणलं. धड सरळ झालं, गुडघे अंगठ्यापुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या भरून आल्या होत्या, पण वाटीखाली बोट दाबलं तर दुखत नव्हतं. दुखलं असतं, किंवा जिना उतरताना कळ आली असती, तर वजन आणखी उतरवलं असतं.