गांधीजीच का? उत्तर सतराव्या मिनिटाला

महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेही 1924 च्या बेळगाव अधिवेशनात. यावर वीस मिनिटांचा व्हिडिओ करायचा तर "कारण शेवटी सांगतो" म्हणून भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी 1994 मध्ये मांडलं की कुतूहल जागं होतं ते आपल्याला थोडं माहीत आहे, पण नेमकं काहीतरी निसटतंय हे जाणवल्यावर. म्हणून पहिल्या तीस सेकंदांत आधी माहिती द्यावी: गांधीजी, अध्यक्षपद, एकदाच, आपलं बेळगाव. मग प्रश्न.

हा प्रश्न मात्र दोन तुकड्यांत मोडावा. बेळगावच का, आणि गांधीजीच का? त्याआधी एक छोटा हप्ता लगेच फेडावा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दुसऱ्या मिनिटाला दाखवून "दोन दिवसांच्या अधिवेशनासाठी विहीर कशाला?" असं विचारलं, तर चौथ्या मिनिटाला हजारोंच्या पाण्याची सोय हे उत्तर यायलाच हवं. हा माणूस उत्तर देतो, एवढा भरवसा त्यातून बसतो, आणि मोठी उधारी त्या भरवशावरच चालते.

सातव्या मिनिटाला पहिला तुकडा मिटतो: स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांची खटपट. पण प्रश्न मिटताच माणूस उठतो. त्यामुळे मिटवणाऱ्या वाक्यातच दुसरा उघडावा: "जागा गंगाधररावांनी मिळवली, पण अध्यक्षपदाचं काय?" अकराव्या मिनिटाला त्याची आठवण द्यावी, तीही नव्या दुव्यासह. त्याच वर्षी जानेवारीत, कैदेत असलेल्या गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. फेब्रुवारीत गांधीजी सुटले, तेव्हा काँग्रेस दुभंगलेली होती. कायदेमंडळात जावं की नाही, यावरून. नुसतं "थांबा, येतंच आहे" म्हटलं की प्रेक्षकाला टोलवल्यासारखं वाटतं. सतराव्या मिनिटाला उत्तर: कायदेमंडळात जाऊ पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाशी झालेला समझोता टिकवून दोन्ही गट एकत्र ठेवायला तेच हवे होते.

व्हिडिओ टाकल्यावर यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख पाहावा. हळूहळू उतरणारी रेघ स्वाभाविक आहे. बाराव्या मिनिटापासून खड्डा आणि सतराव्याला उंचवटा दिसला, तर लोकांनी मधला भाग ओलांडून उत्तर गाठलंय. प्रश्न पक्का होता, मधला मजकूर पातळ. (बहुतेकदा तिथे पुढाऱ्यांच्या नावांची जंत्री असते.) अशा वेळी उत्तर अलीकडे आणू नये, जंत्री कापावी. खड्ड्याशिवाय नुसता उंचवटा असेल तर लोक तेवढाच तुकडा पुन्हा पाहताहेत: आवडला असेल, किंवा कळला नसेल. प्रतिक्रिया वाचल्याशिवाय ते ठरत नाही. आणि पहिल्याच मिनिटात कडा कोसळला असेल, तर शीर्षकात कबूल केलेलं सुरुवातीला दिसलेलं नाही. चाळीस-पन्नासच प्रेक्षक असताना मात्र हे काही वाचू नये. दोघे-तिघे उठले तरी आलेख हलतो.

उत्तरानंतर मिनिटभरात व्हिडिओ संपवावा. "तर मंडळी" ऐकताच रेघ घसरते, म्हणून आभार खालच्या वर्णनात लिहावेत.