दहा मिनिटांच्या लघुपटात तीन अंक कुठून आले?

लघुपटाची पटकथा वाचून झाली की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : ‘यात दुसरा अंक कुठे आहे?’ मराठी माणसाला अंक म्हटलं की पडदा आणि मध्यंतर आठवतं. पटकथेतल्या ‘थ्री-अ‍ॅक्ट’मधला अंक वेगळा. तो कागदावरचं माप आहे, आणि ते माप दोन तासांच्या चित्रपटासाठी घेतलेलं आहे.

सिड फील्ड या अमेरिकी लेखकाने 1979 मध्ये पटकथालेखनावरच्या आपल्या पुस्तकात ते मांडलं. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. त्या हिशेबाने 120 पानांपैकी पहिली 30 ओळख करून देण्यासाठी, मधली 60 संघर्षासाठी आणि शेवटची 30 उकल होण्यासाठी. आठ मिनिटांच्या फिल्मला हेच प्रमाण लावलं तर ओळखीलाच दोन मिनिटं जातात. पात्र उठतं, चहा करतं, फोन घेतं, आणि गोष्ट सुरू होईतो चतुर्थांश फिल्म संपलेली असते. नवशिक्यांच्या लघुपटांत सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच, आणि तो आळसातून नव्हे, नियम इमानाने पाळल्यामुळे येतो.

हा पेच आपल्याकडे फार पूर्वी सोडवला गेला होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. नाटक आणि प्रकरण या मोठ्या नाट्यप्रकारांना पाचही लागतात. पण भाण, प्रहसन, वीथी अशा छोट्या प्रकारांना भरताने दोनच ठेवले, मुख आणि निर्वहण, म्हणजे सुरुवात आणि शेवट. पाचही संधी आखडून बसवायचे नाहीत, मधले सरळ गाळायचे. लांबी कमी झाली की सांगाडाच बदलतो, हे तिथे नियम म्हणून लिहिलेलं आहे.

सिनेमात याचा उत्तम दाखला म्हणजे नॉर्मन मॅकलॅरेनचा ‘नेबर्स’. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डचा 1952 चा, आठ मिनिटांचा. दोन शेजारी खुर्च्या टाकून पेपर वाचत बसलेत. मध्ये एक फूल उगवतं. दोघांनाही ते हवं असतं. मग कुंपण, मारामारी, घरांचा विध्वंस आणि दोन थडगी, प्रत्येकावर एक फूल. माणसांना नावं नाहीत, पूर्वेतिहास नाही, मन बदलण्याचा क्षण नाही. एकच इच्छा पायरीपायरीने चढत जाते. कुणी यातही तीन अंक शोधून दाखवील, पण फिल्म उभी आहे ती चढणीवर.

लघुपटाचा आणखी एक सांगाडा म्हणजे प्रसंगमालिका, सुटे प्रसंग एकापुढे एक मांडणं. तिच्यावरचा ठपका फार जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलने सुट्या प्रसंगांचं कथानक सर्वांत वाईट ठरवलं, कारण त्यात एकामागून दुसरं येतं, पण पहिल्यामुळे दुसरं घडत नाही. हा ठपका नेहमी खरा ठरत नाही. दिग्दर्शिका लिन रॅमसेच्या ‘स्मॉल डेथ्स’मध्ये (1996, सुमारे 11 मिनिटं) एकाच मुलीच्या वाढत्या वयातले तीन प्रसंग आहेत. कार्यकारणभाव त्यांच्यामध्ये नाही, तरी प्रत्येकात तिच्या विश्वासाला एक तडा जातो आणि आधीचा तडा आपल्याला आठवत राहतो. दुवा घटनांचा नाही, साठत जाणाऱ्या अनुभवाचा आहे. वय वाढत असल्यामुळे क्रम उलटवताही येत नाही.

म्हणून सांगाड्याची निवड करताना मी अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप चाचणी म्हणून वापरतो. समजा कल्पना अशी आहे : एका रिक्षातले दिवसभरातले चार प्रवासी, आठ मिनिटं. श्रेयनामावलीचं अर्धं मिनिट वजा केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटांहून कमी येतात. नवा माणूस कोण हे कळायला पंधरा-वीस सेकंद लागतात, म्हणजे चौघांच्या ओळखीतच मिनिटभर गेलं. आता दुसरा आणि तिसरा प्रवासी अदलाबदल करून पटकथा वाचायची. काहीच बिघडलं नाही, तर ती मालिका नाही, नुसती यादी आहे.

तिला तीन अंकांत कोंबायची मात्र गरज नाही. पहिल्या प्रवाशाचा डबा मागच्या सीटवर राहिला असं करा. दुसरी बाई तो मांडीवर घेऊन बसते, तिसरा उघडून पाहतो, चौथ्याच्या वेळी तो रिकामा आहे. आता दुसरा आणि तिसरा उलटवता येत नाहीत. प्रवासी चारऐवजी तीन केले तर प्रत्येकाचा वेळ अर्ध्या मिनिटाहून जास्त वाढतो, आणि रिक्षावाल्याने आरशातून त्या डब्याकडे पाहण्यासाठीही जागा राहते.