पासपोर्टची सही आणि प्रवासाची संमती: एकच ‘एनओसी’ नव्हे

वेगळे झालेले आईवडील मुलाच्या परदेशप्रवासाबद्दल विचारायला येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: “त्यांची एनओसी आहे ना आमच्याकडे.” कशाची एनओसी, असं विचारलं की समोर येतो तो पासपोर्ट काढताना दोघांनी सही केलेला कागद, आणि तोही बऱ्याचदा लग्न टिकून असतानाचा. कौटुंबिक न्यायालयात काम करताना ‘एनओसी’ या एका शब्दाने जेवढा घोळ घातलेला मी पाहिला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातला असेल. मी तो वापरत नाही. पासपोर्टची सही वेगळी, प्रवासाची संमती वेगळी.

पासपोर्टची बाजू बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात सांगते. अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचं घोषणापत्र लागतं. ते ‘अ‍ॅनेक्शर डी’. एका पालकाची सही मिळत नसेल, तर दुसरा पालक ‘अ‍ॅनेक्शर सी’ भरतो आणि सही का नाही ते त्यात लिहितो. दोन्ही साध्या कागदावर चालतात, त्यासाठी स्टॅम्प पेपर घ्यायची गरज नाही. कारण मात्र खरं लिहा. वेगळे राहत असाल तर तसंच लिहा, खटला चालू असेल तर तोही लिहा. पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, तसाच महत्त्वाची माहिती दडवणं हाही. दडवलेली गोष्ट दुसरा पालक एका पत्राने उघडी पाडू शकतो.

दुसऱ्या पालकाने हरकत घेतली म्हणजे पासपोर्ट कायमचा अडला, असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 17 वर्षांच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं होतं. तिला अभ्याससहलीसाठी जपानला जायचं होतं. आईवडिलांचा घटस्फोटाचा वाद चालू होता आणि वडील पासपोर्टला संमती देत नव्हते. आईने अ‍ॅनेक्शर सी भरून दिलं होतं. परदेशी जाण्याचा हक्क संविधानाच्या कलम 21 मध्येच येतो, केवळ वडिलांच्या हरकतीवरून तो अडवता येत नाही, असं म्हणून न्यायालयाने पासपोर्ट देण्याचा आदेश दिला.

खरा गोंधळ इथून पुढे आहे. पासपोर्टवरच्या सहीने ठरतं ते एवढंच की या मुलाजवळ पासपोर्ट असायला हरकत नाही. हा प्रश्न साधारण पाच वर्षांनी एकदा येतो, कारण मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा असतो. प्रवासाची संमती दर खेपेला वेगळी असते. कोणत्या देशात, कोणासोबत, कोणत्या तारखेला जायचं, कोणत्या तारखेला परतायचं, आणि या दिवसांत दुसऱ्या पालकाच्या भेटीचं काय, याचं ते उत्तर असतं. पहिल्या कागदात यातलं काहीच नसतं, म्हणून तो दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

एक नेहमीच्या वळणाचं प्रकरण घेऊ. मुलगी नऊ वर्षांची, परस्पर संमतीने घटस्फोट झालेला, ताबा आईकडे. संमतीच्या अटींमध्ये लिहिलंय की एक आड एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा निम्मा भाग वडिलांकडे. पासपोर्ट लग्न टिकून असताना दोघांच्या सहीने काढलेला, अजून दोन वर्षं चालणारा. आईला मे महिन्यात तीन आठवडे मुलीला घेऊन फ्रान्सला बहिणीकडे जायचंय. तिला वाटतं, पासपोर्ट आहे, ताबा आपल्याकडे आहे, मग अडचण कसली?

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली व्हिसाच्या अर्जात. फ्रान्सला जायला लागतो तो शेंगेन व्हिसा, आणि त्यासाठी मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र मागतात, किंवा त्याची गरज नाही असा न्यायालयाचा आदेश. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते तीन आठवडे वडिलांच्या सुट्टीच्या वाट्यात येतात. व्हिसा मिळाला आणि आई निघून गेली, तर ती न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अट मोडते. ताबा म्हणजे मूल कोणाकडे राहणार हे ठरलं. दुसऱ्याला दिलेले भेटीचे दिवस त्याने पुसले जात नाहीत. “ताबा माझ्याकडे आहे, मला कोणाची सही नको,” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं ते याचसाठी.

वडील तयार असतील तर संमतिपत्र एक पानाचं होतं. मुलीचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, सोबत कोण, फ्रान्समधला राहण्याचा पत्ता, जाण्याची आणि परतण्याची तारीख, वडिलांचे बुडणारे दिवस कधी भरून द्यायचे ते, वडिलांची सही, नोटरी, आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. “माझी मुलगी कधीही, कुठेही गेली तरी माझी हरकत नाही,” असली पत्रं मी कोणाला लिहून देत नाही. वडिलांसाठी ती धोक्याची आहेत. भारत मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या 1980 च्या हेग करारात सामील नाही, त्यामुळे मूल परत आणायला त्या कराराचा आधार मिळत नाही, आणि परतीची तारीख लिहिलेली नसेल तर मूल ठरल्यापेक्षा जास्त दिवस तिकडे ठेवलं गेलं हे दाखवणंही अवघड होतं. आईलाही त्या पत्राचा उपयोग कमीच. तारीख आणि देश नसलेलं पत्र व्हिसा अधिकारी परत करू शकतो.

वडील नाही म्हणाले, किंवा उत्तरच देत नाहीत, तर अ‍ॅनेक्शर सी काढून बसू नका. ते पासपोर्ट कार्यालयापुरतं आहे, प्रवासाला त्याचा उपयोग नाही. ज्या कौटुंबिक न्यायालयाने हुकूमनामा दिला, तिथेच परवानगीचा अर्ज करायचा. सोबत जाण्यायेण्याचा कार्यक्रम, बहिणीचा पत्ता, शाळा कधी सुरू होते त्याचा दाखला, आणि बुडणारे दिवस भरून देण्याची तयारी. न्यायाधीश पाहतात ते मूल परत येईल का, आणि वडिलांचा संबंध तुटणार नाही ना. म्हणून आईची इथली नोकरी, घर, मुलीची शाळा यांचे कागद मोठ्या वक्तव्यांपेक्षा उपयोगी पडतात. परवानगी मिळते ती बहुधा अटींसह: परतीचं हमीपत्र, तिकडून ठरावीक वेळी व्हिडिओ कॉल, आल्यावर कळवणं, कधी रक्कम जमा ठेवणं.

अर्ज कधी करायचा, हे ऐन वेळी सांगून उपयोग नसतो. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि एप्रिलमध्ये केलेला अर्ज उत्तरासाठी नोटीस निघण्यातच संपतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. तेव्हा मे महिन्यासाठी डिसेंबरमध्ये वडिलांना लेखी विचारा, जानेवारीपर्यंत वाट पाहा, मग न्यायालयात जा. ती लेखी विचारणा अर्जासोबत जोडा. आदेश झाला की त्याच्या दोन प्रमाणित प्रती काढा, एक व्हिसा केंद्रासाठी आणि दुसरी मुलीच्या पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत, चेक-इन केलेल्या सामानात नको.