तीन हजार बिलं, हजार घरं आणि चारशे एकतीस

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळे एकच विचारतात, "पाणी कितीवर?" उत्तर फुटांत येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जूनपासून पंचगंगेतून एकूण किती पाणी वाहून गेलं, हे कुणी विचारत नाही. पण "आमचे इतके ग्राहक झाले, आभार" असं लिहायची वेळ आली की हाच माणूस खुशाल वाहून गेलेलं पाणी सांगतो.

आमच्या घरचंच बघा. वहिनींचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा, हिशेब माझ्याकडे. परवा बिल नंबर ३,०१८ पडला आणि पुतण्यानं झेंडूच्या माळा लावून चित्र तयार केलं: "३०००+ समाधानी ग्राहक, नाद खुळा!" त्या अधिक चिन्हाचा मला जुना राग आहे. नेमका आकडा माहीत असणारा माणूस ते लावत नाही. आणि समाधानी? कुणी विचारलंय?

बिल म्हणजे ग्राहक नव्हे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रद्द झालेली बिलं, दारातून परत आलेली पार्सलं आणि फुकट वाटलेल्या पुड्या आधी वजा करायच्या, मग एका माणसाला एकदाच मोजायचं. नावावरून मोजू नका, एकच बाई तीन स्पेलिंगनं सापडते. मोबाईल नंबर धरा. पण तोही कुठे +91 लावून, कुठे मध्ये जागा सोडून लिहिलेला असतो, म्हणून आधी एक्सेलमध्ये, नंबर B2 मध्ये असेल तर, असे शेवटचे दहा आकडे काढून घ्या:

```
=RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
```

मग दुबार नंबर काढायचे आणि एकाच पत्त्यावरचे नवरा-बायको एकत्र करायचे. एवढं केल्यावर आमची १,००६ घरं निघाली. वहिनींचं तोंड उतरलं. "भावोजी, तीन हजाराचं एक हजार केलंसा की!"

खरी गफलत याच्या पुढे आहे. ही १,००६ घरं 'आजवरची' आहेत. धंदा सुरू झाल्यापासून ज्यांनी एकदा तरी पैसे मोजून मसाला घेतला, ते सगळे यात आले. एकदा घेऊन पुन्हा न फिरकलेलेही आले आणि तिखट सोसेना म्हणून सोडून दिलेलेही. हा आकडा कधी खाली येत नाही. उद्या वहिनींनी मसाला बिघडवला आणि एकही गिऱ्हाईक परत आलं नाही, तरी तो १,००६च राहील. 'सध्याचे' ग्राहक म्हणजे बंधाऱ्यावरची पातळी. ती चढते तशी उतरते, म्हणून तिच्यावरून काहीतरी कळतं.

सध्याचे म्हणजे किती दिवसांतले? इथं बहुतेक जण डोळे झाकून 'गेले बारा महिने' धरतात. महिन्याला अर्धा किलो नेणाऱ्या घराला ते चालेल. पण आपल्याकडे अर्धी घरं उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भरतात. समजा, एका घरानं गेल्या वर्षी ५ एप्रिलला घेतला, यंदा लग्नसराईमुळे २० मेला घेणार. मी १ मेला बारा महिने मागे मोजले तर हे पक्कं घर यादीतून बाहेर! शिवाय आकडा दर एप्रिलमध्ये उगाच पडतो, जूनमध्ये उगाच चढतो. म्हणून मी पंधरा महिने धरतो. वर्षाची एक फेरी आणि उशिराला तीन महिने. पंधराचे चोवीस केले की सोडून गेलेले पुन्हा आत येतात, आकडा फुगतो. दुधाच्या रतिबाला महिनाही पुष्कळ झाला. माल घरात किती दिवस पुरतो यावरून मुदत ठरवायची, आणि मुख्य म्हणजे ती आकड्याशेजारी लिहायची. मुदत न लिहिता सांगितलेला 'चालू ग्राहक' आकडा मी धरतच नाही.

पंधरा महिन्यांत मसाला नेलेली घरं ४३१ निघाली.

मग आजवरचा आकडा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. आभार मानायला तोच हवा. ज्यानं पहिल्या वर्षी अनोळखी पुडीवर पैसे टाकले, तो आज आपला ग्राहक नसला तरी आभाराचा धनी आहेच. धंदा केवढा आहे हे सांगायला मात्र दुसरा आकडा. दोन्ही एकाच ओळीत कोंबले की वाचणाऱ्याला वाटतं, हजार घरांत आज आमच्या मसाल्याचा रस्सा शिजतोय.

पुतण्यानं कुरकुरत चित्र बदललं. माळा राहिल्या, मजकूर असा झाला: "सुरुवातीपासून आजवर १,००६ घरांनी आमचा मसाला विकत घेतला. सगळ्यांचे मनापासून आभार. त्यांपैकी ४३१ घरांनी गेल्या १५ महिन्यांत घेतला."

वहिनी चित्राकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "उरलेली ५७५ कुठं गेली?" यादी मागून घेतली आणि जेवणं झाल्यावर फोन लावायला बसल्या. पहिल्याच बाई म्हणाल्या, मसाला झकास होता, पण मोबाईल बदलला आणि तुमचा नंबरच गेला. दुसऱ्या बाईंनी मीठ जास्त पडतंय म्हणून सुनावलं. वहिनींनी ते हिशेबाच्या वहीत, माझ्याच रकान्यात लिहून ठेवलंय.